कराचे 10 रुपये नेमके कुठे लिहायचे?

नोकरी सांभाळून बाहेरून बी.कॉम. करताना अर्थशास्त्राच्या एका गणितानं माझे सलग तीन रविवार खाल्ले. राग अजून गेलेला नाही. तो गणितावर नाही, मी वापरत होतो त्या गाईडवर आहे.

गणित असं होतं, त्यात P म्हणजे किंमत आणि Q म्हणजे नग. मागणी Q = 120 − 2P, पुरवठा Q = −30 + 3P. समतोल काढा, मग नगामागे 10 रुपये कर लावून परिणाम दाखवा.

पहिला भाग पाच मिनिटांत झाला. समतोलात मागणी आणि पुरवठा सारखे, म्हणून 120 − 2P = −30 + 3P. यातून 5P = 150, किंमत 30 रुपये आणि नग 60. ते −30 बघून घाबरू नका. 10 रुपयांपर्यंत कोणी माल विकायलाच येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अडलो तो करापाशी. गाईडात एकच ओळ होती: ‘कर पुरवठ्याच्या समीकरणात मिळवावा.’ कशात मिळवायचा, Qमध्ये की Pमध्ये, याबद्दल चकार शब्द नाही. मी P च्या जागी P + 10 घातलं. पुरवठा झाला Q = 3P, किंमत आली 24 आणि नग 72. कर लागल्यावर वस्तू स्वस्त झाली आणि खपही वाढला! काहीतरी उलटं झालंय हे लगेच कळलं. हे उत्तर खरं तर 10 रुपये अनुदान दिल्याचं आहे.

दुसऱ्या रविवारची चूक जास्त वाईट, कारण ती दिसतच नव्हती. मी Qमधूनच 10 वजा केले: Q = −40 + 3P. किंमत 32, नग 56. किंमत वाढली, नग घटले, सगळं पटण्यासारखं. मी वहीत उत्तराखाली दोन रेघा मारूनही टाकल्या. पण ते 10 रुपये होते आणि मी ते नगांतून वजा केले होते.

तिसऱ्या रविवारी गाईड मिटलं आणि किराणा दुकानाचा गल्ला डोळ्यांसमोर आणला. गिऱ्हाईक काउंटरवर P रुपये ठेवतं. दुकानदार त्यातले 10 सरकारसाठी बाजूला काढतो. माल किती विकायचा हे तो हातात उरलेल्या P − 10 वरून ठरवतो. म्हणजे मागणीला हात लावायचा नाही, पुरवठ्यात मात्र P दिसेल तिथं कंसात (P − 10) लिहायचं:

Q = −30 + 3(P − 10) = −60 + 3P

आता 120 − 2P = −60 + 3P, म्हणून P = 36 आणि Q = 48. गिऱ्हाईक 36 देतं, दुकानदाराला 26 उरतात. आधी किंमत 30 होती, म्हणजे करातले 6 रुपये गिऱ्हाइकावर पडले आणि 4 दुकानदारावर. सरकारला 48 × 10 = 480 रुपये मिळाले. जे 12 नग विकलेच गेले नाहीत त्यांचा फायदा कोणालाच मिळाला नाही. आलेखात हा तोटा मागणी आणि पुरवठ्याच्या रेघांमधल्या त्रिकोणाएवढा दिसतो: ½ × 10 × 12, म्हणजे 60 रुपये. परीक्षेत हा त्रिकोण आकृतीत रंगवा.

ताळा कसा करायचा ते आधीच सांगायला हवं होतं. गिऱ्हाइकाची किंमत मागणीत घाला: 120 − 72 = 48. दुकानदाराची किंमत मूळ, कर नसलेल्या पुरवठ्यात घाला: −30 + 78 = 48. दोन्हीकडे एकच आकडा हवा. माझं 32 चं उत्तर इथंच पकडलं गेलं असतं: दुकानदाराला 22 उरतात आणि 22 ला तो फक्त 36 नग विकतो, 56 नाही.

आणखी एक. समीकरण P = 10 + Q/3 अशा रूपात दिलं असेल तर मात्र 10 सरळ मिळवायचे: P = 20 + Q/3. आलेखात किंमत उभ्या अक्षावर असते, म्हणून पुरवठ्याची रेघ 10 रुपये वर सरकते. गाईडमधली ती ओळ बहुधा या रूपासाठी होती, पण उदाहरण दुसऱ्या रूपातलं छापलं होतं. तेव्हा आधी डावीकडे Q आहे की P, ते बघा.

आणि हे सगळं नगामागे ठरावीक रुपये असतील तेव्हाच, जसं पेट्रोलवरचं केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे असतं. जीएसटीसारखा टक्क्यांतला कर आला तर वजाबाकी चालत नाही, किंमत भागावी लागते.

शेवटी हट्टानं तोच कर गिऱ्हाइकाकडून वसूल करून बघितला. आता P म्हणजे दुकानदाराला मिळणारी किंमत, म्हणून मागणीत (P + 10): 120 − 2(P + 10) = −30 + 3P. P आली 26, नग 48, गिऱ्हाइकाचा खर्च 36. सरकारनं पैसे कोणाच्या हातून घेतले यानं काहीच बदललं नाही. हे वहीत स्वतःच्या अक्षरात उतरलेलं बघितलं तेव्हा तिन्ही रविवार वसूल झाल्यासारखे वाटले.