आरे ते म्हसा: पहिली कालवड विकली तेव्हा

गोठ्यात तिसऱ्या जनावराला जागा नव्हती. हिरवा चारा विकत घ्यायचा आणि आरेतल्या आमच्या पाड्यावर तो स्वस्त मिळत नाही. म्हणून चौदा महिन्यांची संकरित कालवड चांदी हिला पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या यात्रेत न्यायचं ठरवलं. मुरबाड तालुक्यातला हा बाजार. घरधन्यांचा पाय मोडलेला, म्हणून मी आणि धाकटे दीर निघालो.

आदल्या दिवशी पशुवैद्यांकडून प्रवासाचा दाखला घेतला. पिकअपच्या तळाला जाड पेंढा पसरला, नाहीतर पत्र्यावर पाय घसरतात. पहाटे तीनला निघालो ते फार बरं झालं. उन्हात उतरलेलं जनावर दमून मान टाकतं आणि भाव तिथंच पडतो. पाण्याची बादली घरचीच न्या.

पहिला दलाल आला. माझा हात रुमालाखाली घेऊन बोटं दाबू लागला. मी हात काढून म्हटलं, "दादा, मला बोटांचं कळत नाही, तोंडानं सांगा." २८,००० म्हणाला. हजार विसार आता, बाकीचे पैसे जनावर गोठ्यावर पोचल्यावर. दीर खूश झाले, पण त्यानं कालवडीचं तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. कासरा मात्र लगेच मागत होता. मी दिला नाही. मग अर्ध्या तासात तिघं येऊन १८,०००, १७,०००, १६,००० म्हणून गेले. तिघंही पलीकडे त्याच्याच टेम्पोपाशी चहा घेत होते.

दहाच्या सुमारास शहापूरकडचं एक जोडपं आलं. बाईंनी आधी दात पाहिले, सगळे दुधाचेच. मग खाली बसून सड चाचपले. "जुळ्यातली आहे का?" त्यांनी विचारलं. सोबत गोऱ्हा जन्मला असेल तर अशी कालवड बहुतेक वांझ निघते. एकटीच होती. आईचं दूध, लंपीची लस, सगळं विचारलं. मागच्या बाजूचा बारीक पाचवा सड मी स्वतःच दाखवला. "तो लहानपणीच काढून घ्यायला हवा होता, ताई," म्हणून त्यांनी पाचशे कमी केले. सौदा २३,५०० ला ठरला. दीर म्हणाले, "वहिनी, साडेचार हजार सोडले." मी म्हटलं, हातात हजारच येणार होते.

पावती करताना कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचे बारा आकडे स्वतः वाचा. आमच्या पावतीवर शेवटचा आकडा १ च्या जागी ७ पडला होता, आणि बिल्ला शेणानं माखलेला. पदरानं पुसून दाखवला तेव्हा नवी पावती केली. मोबाइलवर पैसे घेत असाल तर समोरच्याच्या फोनवरची हिरवी खूण पाहून कासरा सोडू नका, आपल्या खात्यात रक्कम आलेली पाहा. आमच्या इथं रेंज जात होती, वीस मिनिटं थांबलो. ती दोघंही न कुरकुरता थांबली.

जुनं दावं आम्ही देत नाही, म्हणून नवं सोबत न्या. माझ्याकडे नव्हतं, त्या बाईंनी स्वतःचं काढून बांधलं. चांदी टेम्पोत चढताना दोनदा हंबरली.