नंबर बदलला, पण चुकीच्या खात्याचा

माझं सिम एसटी स्टँडवर मोबाईलसकट गेलं. दुसरं कोणी असतं तर दुकानात जाऊन त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम घेतलं असतं. माझ्या बाबतीत ते जमेना, कारण सिम भावोजींच्या नावावर होतं आणि ते मस्कतला. डुप्लिकेट सिमसाठी ज्याच्या नावावर नंबर आहे त्याचीच ओळख पटवावी लागते. शेवटी माझ्या नावावर नवीन नंबर घेतला. आधीचा ईमेलही बंद पडला होता, त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता. म्हणजे खात्यातून पैसे गेले तरी मला कळायला कुठलाच मार्ग उरला नव्हता.

घरबसल्या बँकेतला नंबर बदलायला जावं तर ओटीपी जुन्याच नंबरवर जातो. म्हणून शाखेत गेले. अर्ज, आधार आणि पॅनची प्रत, पासबुकाचं पहिलं पान, सही. काउंटरवरच्या साहेबांनी संगणकात नंबर टाकला, वरच्या अधिकाऱ्यांनी मंजुरी दिली आणि मला सांगितलं, "दोन दिवसांत मेसेज सुरू होतील." इथवर अर्धा तासही लागला नाही.

पाच दिवस गेले. एटीएममधून पैसे काढले, मेसेज नाही. किराणावाल्याकडे कार्ड वापरलं, मेसेज नाही. परत शाखेत गेले. साहेबांनी स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "मॅडम, सिस्टीममध्ये झालंय. तुमच्या मोबाईलमध्येच काहीतरी असेल." दुकानात जाऊन सिम तपासून घेतलं, बाकी सगळे मेसेज येत होते. तिसऱ्यांदा गेले तर "कंपनीकडून उशीर होतो" असं ऐकलं. मी दर दोन दिवसांनी पासबुक भरून घेत होते. मशीनमधून पान बाहेर येईपर्यंत छातीत धडधडायचं. पगाराचं खातं आहे, मुलाच्या फीचे पैसे त्यात आहेत.

चोविसाव्या दिवशी नवीन नंबरवर बँकेचा पहिला मेसेज आला. एसएमएसचं शुल्क कापल्याचा. मला आनंद झाला, पण खात्याचे शेवटचे चार आकडे वाचले आणि लक्षात आलं, हे माझं पगाराचं खातं नाहीच! लग्नाआधी बाबांनी माझ्या नावाने उघडून दिलेलं खातं होतं ते, माहेरच्या नावाचं. गॅसच्या अनुदानासाठी आधार तिथे जोडलेलं.

तो मेसेज आणि दोन्ही पासबुकं घेऊन थेट वरच्या मॅडमकडे गेले. त्यांनी दोन्ही पासबुकांची पहिली पानं शेजारी ठेवली. ग्राहक क्रमांक वेगवेगळे! बँक मोबाईल नंबर खात्याला नाही, ग्राहक क्रमांकाला जोडते, आणि माझी एकाच बँकेत दोन नोंदी होत्या. काउंटरवर आधार क्रमांक टाकून शोधल्यावर माहेरच्या नावाची नोंद उघडली आणि नवीन नंबर तिथे चढला. साहेब स्क्रीन बघून "झालंय" म्हणत होते ते खरंच होतं. पण अर्जावर मी पगाराच्या खात्याचा नंबर लिहिला होता, तो एकदा स्क्रीनशी ताडून बघितला असता तर माझे चोवीस दिवस वाचले असते. याचा राग अजून जात नाही.

मॅडमनी पगाराच्या खात्याच्या ग्राहक क्रमांकाचा अर्ज त्याच वेळी भरून घेतला. नवीन ईमेल मी कॅपिटल अक्षरांत, एका चौकोनात एक अक्षर असा लिहिला, आणि पडताळणीची लिंक आली तशी लगेच उघडली. संध्याकाळी एटीएममधून शंभर रुपये काढले. पावती हातात यायच्या आत मोबाईल वाजला. आकडे तीनदा वाचले, पगाराचंच खातं!

तुम्ही जाल तेव्हा अर्जावर ग्राहक क्रमांक स्वतः लिहा आणि नंबर टाकल्यावर "ग्राहक क्रमांक वाचून दाखवा" असं सांगा. पोच शिक्क्यासकट आणि तारखेसकट घ्या. माझी पहिली पोच नव्हती, त्यामुळे मी कधी आले होते हे सांगायलाही माझ्याकडे काही नव्हतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर दोन्ही पासबुकं न्याच. दोन नोंदी एकत्र करता येतात, त्यासाठी माझ्याकडून विवाह नोंदणीचा दाखला मागितला आहे.

एक राहिलंच, खरं तर हे सगळ्यात आधी करायचं. सिम गेल्याचं कळताच बँकेच्या हेल्पलाइनवरून कार्ड आणि यूपीआय बंद करून घ्या. मी ते दुसऱ्या दिवशी केलं. पासबुकात अनोळखी नोंद दिसली तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक ना तुमची ना बँकेची अशा फसवणुकीत, व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या 3 दिवसांत बँकेला कळवलं तर भुर्दंड ग्राहकावर येत नाही. जुना नंबर गॅस आणि आधारमधूनही काढा. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते.