मामींच्या अल्बममधले माझे तीन फोटो

मामेबहिणीच्या हळदीचा अख्खा अल्बम मामींनी फेसबुकवर टाकला. मुलुंडचा हॉल, साठेक फोटो, आणि जो दिसेल त्याला टॅग. त्यातल्या तीन फोटोंत मी हळदीने माखलेली, भिजलेल्या साडीत नाचतेय. मी भांडुपच्या एका शाळेत सातवीला शिकवते. पालकसभा संपल्यावर एका आईने कौतुकाने त्यातलाच एक फोटो मोबाइलवर दाखवला. तिच्या मनात काही वावगं नव्हतं, पण उद्या तो मुलांच्या हातात जाणार, हे मला नको होतं.

त्या बाई माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये नाहीत. मग फोटो त्यांच्यापर्यंत पोचला कसा? अल्बमच्या तारखेशेजारी पृथ्वीगोलाचं चिन्ह होतं, म्हणजे पब्लिक. वर टॅगमुळे तो माझ्या नावाशी जोडलेला. अल्बम फक्त मामींच्या फ्रेंड्सपुरता असता, तरी टॅग केलेल्या माणसाच्या फ्रेंड्सनाही तो दिसू शकतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मी लगेच टॅग काढायला निघाले होते, पण चुलतभावाने थांबवलं. टॅग काढला की फक्त आपलं नाव सुटतं. फोटो मामींच्या अल्बममध्ये तसाच राहतो. शिवाय ज्याच्याशी आपली फेसबुकवर मैत्री नाही, त्याचा फोटो टॅगमुळेच आपल्याला दिसत असेल, तर टॅग गेल्यावर तो आपल्यालाच दिसेनासा होतो आणि नेमका कोणता फोटो काढायचा हे सांगता येत नाही. म्हणून आधी Activity log उघडून मला टॅग केलेले सगळे फोटो पाहिले. नको असलेल्यांचे स्क्रीनशॉट घेतले, प्रत्येकाची लिंक कॉपी करून ठेवली. मग त्या त्या फोटोवरच्या तीन टिंबांमधून Remove tag केलं. टॅग काढल्याची सूचना समोरच्याला जात नाही, त्यामुळे मामींना काही कळण्याआधी त्यांच्याशी बोलायला वेळ होता.

मामींना मेसेज न करता मी फोन केला. वयाने मोठ्या माणसाला "फोटो काढा" असं लिहून पाठवलं की ते हुकमासारखं वाचलं जातं. आधी लग्नाच्या गप्पा झाल्या, मग म्हणाले, "मामी, अल्बम छान झालाय. त्यातले माझे तीन फोटो मात्र तुम्ही काढाल का? शाळेतल्या पालकांपर्यंत पोचलेत, मला वर्गात अवघड होतं. बाकीचे राहू देत." मामींचा पहिला प्रश्न, "तुला आवडले नाहीत का गं?" कारण फोटो वाईट असल्याचं नसून शाळेचं आहे, हे पुन्हा नीट सांगावं लागलं. फोन ठेवल्यावर तिन्ही लिंक व्हॉट्सॲपवर पाठवल्या. साठ फोटोंत शोधायला लावलं असतं, तर ते काम लांबणीवरच पडलं असतं.

मामींना आठवण म्हणून ते फोटो हवे होते. त्या तीन फोटोंपुरती प्रायव्हसी Only me ठेवावी, असं आधी माझ्या मनात होतं, पण अशा अल्बमची प्रायव्हसी सगळ्या फोटोंना एकच लागते. म्हणून फोटो मोबाइलमध्ये सेव्ह करून फेसबुकवरून डिलीट करणं हाच सोपा मार्ग ठरला. मामेबहिणीने बसून ते करून दिलं.

मावशीने अल्बममधला एक फोटो शेअर केला होता. मूळ फोटो गेल्यावर तिच्याकडचाही आपोआप दिसेनासा झाला. दुसऱ्या एका नातेवाइकांनी मात्र तोच फोटो डाउनलोड करून स्वतः अपलोड केला होता. ती स्वतंत्र प्रत, तिला मामींच्या डिलीटने काही होत नाही. त्यांना वेगळा फोन करावा लागला. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं तर काहीच हाती नव्हतं. तिथे सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत साधारण अडीच दिवसांची आणि ती कधीच उलटली होती. मुदतीत असतं तरी ज्यांच्या गॅलरीत फोटो उतरला, तिथून तो गेलाच असता असं नाही.

राहिला फोटोग्राफर. त्याच्या पेजवर जाहिरातीसाठी माझा फोटो होता. त्याच्याशी व्यवहार मामांचा, म्हणून फोनही त्यांनीच केला. "दादा, हा काढा, त्याऐवजी नवरा-नवरीचा टाका" म्हटल्यावर त्याने संध्याकाळपर्यंत बदलला. तो नाही म्हणाला असता, तर फेसबुककडे प्रायव्हसीच्या कारणावरून तक्रार करायची माझी तयारी होती, पण तिथे फोटो काढायचा की नाही हे फेसबुक ठरवतं. म्हणून ती वाट मी शेवटी ठेवली होती.

आता सेटिंगमध्ये टॅग झालेल्या पोस्ट आधी मला दाखवायचा पर्याय चालू केलाय. त्याने नवे टॅग माझ्या प्रोफाइलवर थेट येत नाहीत. टाकणाऱ्याच्या भिंतीवर मात्र फोटो दिसतोच. म्हणून पुढच्या महिन्यातल्या बारशाला जाण्याआधी मामींना आणि मावशीला सांगून ठेवलंय, माझे फोटो टाकण्याआधी एकदा मला दाखवा.