हिरवी कड एक, दुखणी दोन

परवा एक पोर्ट्रेट कामाला आलं. बाई हिरव्या पडद्याला जवळजवळ टेकून उभ्या, केस काळे आणि कुरळे, अंगात मोहरी रंगाचा ब्लाउज. नवी पार्श्वभूमी गडद निळी. कटआउट निळ्यावर ठेवताच केसांभोवती उजळ हिरवी कड दिसू लागली, आणि जबड्याखालची त्वचाही हिरवट.

दोन्हीकडे रंग हिरवाच, पण कारणं वेगळी. केसाच्या टोकाचा पिक्सेल अर्धा केस, अर्धा पडदा असतो. इथे केसाचा रंग लाल, हिरवा, निळा या क्रमाने साधारण ३०, २४, २० होता आणि पडद्याचा ४०, १८०, ६०, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या मिश्रणात ३५, १०२, ४०. मास्क तो पिक्सेल अर्धा पारदर्शक करतो, पण त्यात मुरलेला हिरवा तसाच राहतो. जबड्याचे पिक्सेल मात्र पूर्ण अपारदर्शक. तिथे पडद्यावरून उसळलेला प्रकाश त्वचेवर पडलेला आहे. मास्क कितीही सुधारला तरी तो जाणार नाही.

आधी केस. बरेच जण वर लेयर घेऊन `Color` मोडमध्ये तपकिरी रंगवतात. त्याने हिरवा जातो, पण उजळपणा मूळचाच राहतो. केसाचा उजळपणा २५च्या आसपास, या कडेचा ७५. म्हणून गडद पार्श्वभूमीवर राखाडी कड शिल्लक राहते. मी कटआउटला क्लिप केलेला लेयर `Normal` मोडमध्येच ठेवला, शेजारच्या अस्सल केसाचा रंग उचलला आणि मऊ ब्रशने फक्त टोकं रंगवली. पारदर्शकता मास्क सांभाळतो, त्यामुळे बटांचा आकार बिघडत नाही. ब्रश आत सरकला तर केसांवरची चमक मरते, तेवढं जपायचं. मास्क एक पिक्सेल आत घेणं खांद्याला चालतं; केसांत तेच केलं की बारीक बटा गायब!

त्वचेसाठी साधा नियम पुरतो:

```
G = min(G, (R + B) / 2)
```

जबड्याचा १७२, १६०, १२४ हा पिक्सेल यातून १७२, १४८, १२४ झाला. हिरवट झाक गेली, पण हिरवा कमी झाला की उजळपणाही किंचित उतरतो. तो कर्व्हजने परत चढवला.

ब्लाउजवर मात्र हाच नियम घात करतो. मोहरी रंग २०५, १६५, ६०. सरासरी १३२, म्हणून हिरवा तिथवर खाली येतो आणि कापड विटकरी दिसतं. पिवळ्या रंगात हिरवा हवाच असतो. ब्लाउज मास्क करून वगळला. फक्त त्याच्या बाहेरच्या कडेला, जिथे झाक खरोखर दिसत होती, तिथे आतल्या कापडाचा रंग `Color` मोडमध्ये हलकेच फिरवला. तिथे उजळपणा ठीक होता, म्हणून हा मोड चालला.

तपासणी निव्वळ निळ्यावर करून भागत नाही. खाली आळीपाळीने काळा, पांढरा आणि मधला राखाडी लेयर ठेवून पाहिलं. काळ्यावर सगळं स्वच्छ होतं; पांढऱ्यावर कानामागची एक बट रंगवायची राहिलेली सापडली.