तोरणमाळला कॉफी आंबट का होत होती, माझा अनुभव

मी जळगावचा. गेली तीनेक वर्षं घरी कॉफी करतो, म्हणजे हँड ग्राइंडर, वजनकाटा, सिरॅमिकचा ड्रिपर म्हणजे पेपर लावून कॉफी गाळायचं नरसाळं, फिल्टर पेपर असं सगळं सामान आहे आणि घरचे मला रोज सकाळी हसतात. माझं माप ठरलेलं आहे, 15 ग्रॅम कॉफी, 240 ग्रॅम पाणी, तीन मिनिटांत खाली उतरली पाहिजे. बिया चिकमगळूरच्या, थोड्या हलक्या भाजलेल्या. जळगावला ही कॉफी मस्त गोड लागते, त्यामुळे डिसेंबरात मावसभावासोबत तोरणमाळला चार दिवस राहायला जायचं ठरलं तेव्हा मी कपडे कमी आणि हे सामान जास्त भरलं. मावशी पण होती सोबत, ती शिरपूरची.

शहाद्याहून निघालो, सातपायरीचा घाट चढून वर गेलो की हवा एकदम बदलते. साधारण 1150 मीटर उंची. जळगाव 200 मीटरच्या आसपास, म्हणजे आपण जवळजवळ एक किलोमीटर वर आलो. हे मला माहीत होतं पण कॉफीशी याचा संबंध येईल असं डोक्यातच आलं नाही, कारण उंचीवर पाणी लवकर उकळतं वगैरे म्हणजे लेह-लडाखच्या गोष्टी असं वाटायचं.

पहिल्या सकाळी केटलनेच घोळ घातला. माझी केटल टेम्परेचर सेट करायची आहे, घरी 98 वर ठेवलेली असते, तिथपर्यंत गेली की बीप देऊन बंद होते. तोरणमाळला पाणी भरून बटण दाबलं आणि ब्रश करायला गेलो. आठेक मिनिटांनी आलो तर खोलीभर वाफ, केटल खदखदतेय आणि स्क्रीनवर 96. ती 96 वरून हलेचना. मला वाटलं व्होल्टेज कमी आहे, मग वाटलं केटल गेली. 600 ग्रॅम पाणी भरलं होतं त्यातलं जवळजवळ 200 वाफ होऊन गेलं. शेवटी हातानेच बंद केली.

नंतर शांत बसल्यावर ट्यूब पेटली. केटल बिचारी बरोबर होती. हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं, दर 300 मीटरला साधारण एक डिग्री असा ढोबळ हिशोब. 1150 ला 300 ने भागलं की 3.8, म्हणजे तोरणमाळला पाणी 96 च्या थोडं वर उकळणार आणि तिथेच थांबणार. मी तिला 98 करायला सांगितलं होतं, ते उघड्या भांड्यात तिथे होऊच शकत नाही. साधी वाफेवर बंद होणारी केटल असती तर हा प्रॉब्लेम आलाच नसता, कारण ती तापमान बघत नाही, उकळल्यावर वाफ आली की बंद होते. मी सेटिंग 95 वर आणलं, मग नीट बीप वाजायला लागली.

पण कॉफी. पहिला कप मावसभावाने घेतला, एक घोट, आणि म्हणाला, "आंबट लागी ऱ्हायनी भो." मी प्यायलो तर खरंच. लिंबासारखी आंबट, पातळ, आणि घोट गिळला की तोंडात काहीच उरत नाही. कडूपणा शून्य. ज्याने कॉफी केलीय त्याला कळेल, ही कच्ची राहिलेली कॉफी. पावडरमधून आंबट गोष्टी आधी आणि सहज निघतात, गोडवा आणि जाडपणा मागून येतो आणि त्याला उष्णता आणि वेळ लागतो. पाणी थंड पडलं की आंबट निघून जातं आणि बाकीचं पावडरमध्येच राहतं.

मावशीचा सल्ला लगेच आला, "कुकरमा तापाड ना पानी, शिट्टी व्हयनी का काढी ले." ऐकायला एकदम बरोबर वाटतं, कारण कुकरमध्ये डाळ शिजते ती पाणी 100 च्या वर गेल्यामुळेच. आणि डाळ तर वर आल्यापासून जास्त वेळ घेतच होती. मी करून पण पाहिलं. पण शिट्टी पूर्ण उतरल्याशिवाय झाकण उघडता येत नाही, आणि दाब उतरता उतरता आतलं पाणी वाफ सोडत सोडत परत 96 वरच येतं. ती जास्तीची उष्णता फक्त झाकण बंद असेपर्यंत आपली. (घाईत शिट्टी उचलून वाफ सोडायला जाऊ नका, हात भाजेल आणि मिळणार तेच 96.) गॅस मोठा केला तरी तेच, पाणी जोरात उकळतं, जास्त गरम होत नाही.

मग एक गोष्ट मला खटकली. कॉफीसाठी पाणी साधारण 90 ते 96 असावं असंच सगळे सांगतात. म्हणजे तोरणमाळचं उकळतं पाणी त्या हिशोबात एकदम फिट बसतंय! तीन डिग्रीने एवढी आंबट कशी होईल? सोबत किचनमधला छोटा थर्मामीटर होता, तो ड्रिपरमध्ये ओल्या पावडरीत घुसवला आणि दुसरा कप केला. 82. घरी मी एकदा असंच मोजलं होतं तेव्हा 91 आलं होतं. नऊ डिग्रीचा फरक, आणि त्यातले उकळण्याचे फक्त तीन! बाकीचे सहा मी स्वतः घालवत होतो.

कसे ते सांगतो. घरी सवय अशी की केटल बंद झाली की अर्धा मिनिट थांबायचं, कारण खाली उकळतं पाणी थेट ओतलं की माझी कॉफी कडवट होते. ती सवय तशीच वर आली होती. त्यात सकाळी ओट्यावर बर्फासारखा गार सिरॅमिकचा ड्रिपर, जाड आणि जड, तो पहिल्याच पाण्यातली उष्णता खाऊन टाकायचा. मी फिल्टर पेपर भिजवायला पाणी टाकत होतो पण चमचाभर, नावापुरतं. पावडर गार, ज्यात कॉफी उतरते ते खालचं भांडं गार, खिडकीतून वारा. जळगावला 25 डिग्रीच्या किचनमध्ये हे सगळं खपून जातं, कारण वरून 99 डिग्रीचं पाणी हाताशी असतं. डोंगरावर तसा शिल्लक साठा नाही, जे आहे ते 96, त्यातून जे गेलं ते गेलं.

दुसऱ्या दिवशी एकेक बदल केला, एकदम सगळे नाही, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. आधी थांबणं बंद, पाणी उकळलं की लगेच ओतायचं. आणि ड्रिपर आधी नीट तापवायचा, म्हणजे पेपर लावून उकळतं पाणी काठापर्यंत दोनदा ओतायचं, ड्रिपरला बाहेरून हात लावला तर चटका बसला पाहिजे, मग ते पाणी फेकून कॉफी टाकायची. केटल पण मधे मधे स्टँडवर परत ठेवायची, हातात धरून उभं राहायचं नाही. एवढ्यानेच ओल्या पावडरीत 88 आलं. आंबटपणा अर्धा गेला. खरं सांगायचं तर इथेच थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मला घरची चव पाहिजे होती.

तिसऱ्या कपाला ग्राइंडर दोन क्लिक बारीक केला. बारीक पावडर म्हणजे पाण्याला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि पाणी खाली उतरायला पण वेळ घेतं, म्हणजे उष्णतेची कमी दोन्हीकडून भरून निघते. वेळ तीन मिनिटांवरून साडेतीनवर गेली आणि कप एकदम जागेवर आला, गोडवा आला, घोट गिळल्यावर चव मागे राहायला लागली. मग हाव सुटली, अजून दोन क्लिक बारीक केला, तर पाणी पेपरवर तुंबून बसलं, पाच मिनिटं टिपटिप चालू, आणि चव कडू, जीभ कोरडी पडते तशी, कच्चं केळं खाल्ल्यासारखी. म्हणजे पुढे गेलो. एक टीप, चव बघायची तर कप कोमट होऊ द्या. गरम असताना आंबट आणि कडू नीट वेगळं कळत नाही, कोमट झाल्यावर लपत नाही.

चौथ्या दिवशी आजूबाजूच्या खोल्यांतली दोन माणसं पण आली, मग ड्रिपर बाजूला ठेवून फ्रेंच प्रेस काढला. उंचीवर मला हाच जास्त सोपा वाटला, कारण सगळं पाणी आणि पावडर एकत्र एका झाकणाखाली बसतं आणि वेळ आपल्या हातात. प्रेस आधी उकळत्या पाण्याने तापवला, 30 ग्रॅम कॉफी, 450 ग्रॅम पाणी, ढवळून झाकण, आणि मावशीची शाल भोवती गुंडाळली. घरी चार मिनिटं ठेवतो, इथे सात. मावशी शालीवरून जे बोलली ते इथे लिहीत नाही. तिने चहाच घेतला, आणि चहाला उंचीचा फरक का जाणवत नाही ते पण तेव्हाच लक्षात आलं, आपण चहा गॅसवर पाच-सात मिनिटं खळखळवतोच, थंड पडायला वावच नाही.

अमळनेरचा एक मित्र कामासाठी लेहला असतो, त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो हसला. लेह 3500 मीटर, तिथे पाणी 88 च्या आसपासच उकळतं. तिथे नुसतं थांबणं बंद करून भागत नाही. त्याने हलकी भाजलेली कॉफी नेणंच सोडलंय, थोडी गडद भाजलेली घेतो, कारण गडद भाजलेल्या बियांतून चव कमी उष्णतेत पण लवकर सुटते. आणि तो सरळ पातेल्यात करतो, पाण्यात पावडर टाकून झाकण ठेवून एकदम मंद गॅसवर काही मिनिटं. खाली आपण म्हणतो कॉफी उकळू नको, कडू होईल, पण तिथे उकळती कॉफी पण 88 लाच असते, त्यामुळे तेवढी भीती नाही. फक्त झाकण पाहिजे, नाहीतर वास वाफेबरोबर जातो, आणि जोरात खळखळ नको. तोरणमाळला 96 ला मी हे करणार नाही, तिथे कडूच होईल.

परत जळगावला आल्यावर पहिल्या सकाळी सवयीने तीच बारीक पावडर, तेच लगेच ओतणं, आणि कॉफी अशी कडू झाली की बायकोने कप तसाच सिंकमध्ये ओतला. ग्राइंडर दोन क्लिक मागे घेतला, अर्धा मिनिट थांबलो, मग ठीक. आता ग्राइंडरवर चिकटपट्टी लावून दोन खुणा केल्यात, एकीवर 'ज' आणि दुसरीवर 'तो'.