हुशार मुलीला वेगळं न बसवता: चौथीच्या वर्गातला माझा अनुभव

हातच्याच्या वजाबाकीची दहा उदाहरणं फळ्यावर लिहून मी मागे वळायच्या आत मुक्ताची सात झालेली असायची. (नाव बदललं आहे.) उरलेली तीन ती मुद्दाम रेंगाळत करायची. एक आकडा लिहायचा, पेन्सिलीला टोक काढायचं, मग पुढचा आकडा. ही गंमत माझ्या उशिरा लक्षात आली. आधी संपवलं की बाई आणखी दहा देतात, हे तिनं आठवड्याभरातच ओळखलं होतं.

आमची शाळा नाशिक जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची. वर्गाचा पट ३१. मुक्तासाठी काहीतरी करायला हवं हे कळत होतं, पण मी जे जे केलं ते चुकत गेलं. जास्तीची गणितं ही पहिली चूक. जे येतंच आहे ते आणखी वीस वेळा करून कोण पुढे जातं? मग तिला माझ्या टेबलाशेजारी बसवलं आणि शिष्यवृत्तीचं पुस्तक हातात दिलं. तिला ते आवडलं, मलाही बरं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीत पाहिलं तर खिचडीचं ताट घेऊन ती जिन्यावर एकटीच बसली होती. पोरी तिला ‘बाईंची’ म्हणायला लागल्या होत्या. खेळताना गडी वाटून घेतले तरी तिचं नाव राहायचं. म्हणून पुस्तक काढून घेतलं आणि तिला ‘छोटी बाई’ केलं. ज्यांना जमत नाही त्यांना तिनं शिकवायचं. हे तर सगळ्यात वाईट झालं. ती शिकवायची नाही, समोरच्याच्या हातातली पेन्सिल घेऊन उत्तर लिहून टाकायची. नऊ वर्षांच्या पोरीकडून मी माझं काम करून घेत होते, दुसरं काय.

तिची आई एकदा म्हणाली, “बाई, वरच्या वर्गात बसवा की तिला.” मी म्हटलं, “ताई, पाचवीतही तीच वजाबाकी आहे, फक्त आकडे मोठे.”

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी दोन गोष्टी बदलल्या.

पहिली म्हणजे सोमवारची ‘अवघड पाच’. धड्याखालच्या उदाहरणांतली सगळ्यात कठीण पाच आधीच फळ्यावर लिहायची. मधे दोन शून्यं असलेली वजाबाकी, शाब्दिक उदाहरणातली फसवी वाक्यं, असली. ज्याची पाचपैकी चार बरोबर येतील त्याला बाकीचा सराव माफ. यात दोन पथ्यं पाळावी लागतात. एक म्हणजे ही संधी सगळ्या वर्गाला हवी, एकट्या मुक्ताला नाही. दुसरं, आधी कोणी संपवलं हे बघायचंच नाही. पहिल्या सोमवारी मी ‘झालं की दाखवा’ म्हणाले आणि पोरांची नुसती शर्यत लागली, निम्म्यांनी वरच्यातून खालचा वजा करायचं सोडून मोठ्या आकड्यातून लहान वजा केला. पुढच्या वेळेपासून सगळ्यांना वीस मिनिटं ठरलेली, आणि वह्या एकदमच गोळा. सुरुवातीला तिघं सुटली. मोजमापाचा धडा आला तेव्हा एका गवंड्याचा मुलगा सुटला आणि मुक्ताची दोनच बरोबर आली. ते माझ्या दृष्टीनं फार बरं झालं.

माफ झालेला सराव वहीत कोराच दिसतो, हे केंद्रप्रमुख आले तेव्हा आठवलं. “या मुलीची वही अपुरी का?” आता मी त्या पानावर ‘पाचपैकी पाच, शोधावर’ असं लिहून तारीख-सही करते. कोणी करणार असेल तर हे पहिल्या दिवसापासून करा.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘शोध’. इथं माझं बरंच डोकं खर्ची पडलं. सुटलेल्या मुलांना वेगळा कागद दिला की पुन्हा तेच शिष्यवृत्तीचं टेबल. मला असा प्रश्न हवा होता की त्याची पहिली पायरी ३१ जणांना चढता येईल, वर जायला वाट असेल, आणि मुख्य म्हणजे वर जाणाऱ्याला खालच्यांची गरज पडेल. तो आमच्याच जिल्ह्यात सापडला. देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिताचे मास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली मांडलेली ती प्रसिद्ध गंमत. त्यांची संख्या चार अंकी, ६१७४. मी मुद्दाम तीन अंकांपासून सुरू केलं.

सांगितलं ते एवढंच. तीन अंकी संख्या घ्या, तिन्ही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. फळ्यावर ३५२ घेतले. ५३२ वजा २३५, आले २९७. मग ९७२ वजा २७९, ६९३. ९६३ वजा ३६९, ५९४. ९५४ वजा ४५९, ४९५. आणि ४९५ चं केलं की पुन्हा ४९५ च. “आता तुमची संख्या कुठे जाऊन थांबते बघा.”

जी मुलं दोन वजाबाक्यांनंतर पाणी प्यायला जाऊ का विचारतात, त्यांनी त्या दिवशी पाच-पाच, सहा-सहा केल्या. भिंतीवर कार्डशीट लावली होती. त्यावर प्रत्येकानं आपली संख्या, किती वजाबाक्या लागल्या आणि कुठे थांबली ते लिहायचं. सगळीकडे ४९५ दिसायला लागले. चुकलेलं उत्तर मुलं आपोआप तपासायला लागली, कारण कोणीतरी ओरडलं होतं, “बाई, मधे नऊच येतोय!” ज्याच्या मधे नऊ नाही त्याची वजाबाकी चुकली, हे मी सांगायची गरजच उरली नाही.

फक्त शेवटच्या रांगेतला एक मुलगा गप्प होता. “बाई, माझं शून्य आलं.” त्यानं ५५४ घेतले होते. ५५४ वजा ४५५, उत्तर ९९. मग ९९ उलटे केले तरी ९९, वजा केले, शून्य. वजाबाकीत काहीच चूक नव्हती. पोरं हसली. मी काही बोलणार तेवढ्यात मुक्ता उठून त्याच्याजवळ गेली आणि त्याची वही बघत उभी राहिली. या वेळी पेन्सिल ओढली नाही. उत्तर तिलाही माहीत नव्हतं ना! बराच वेळ दोघांनी डोकं खाजवलं. मग मीच विचारलं, “आपण किती अंकी संख्या घेतली होती?” तो पोरगाच म्हणाला, “तीन.” मग हळूच, “शतकाच्या घरात शून्य लिहायचं का?” ०९९. मग ९९० वजा ०९९, ८९१. पुढे ७९२, ६९३, ५९४, ४९५. सहा वजाबाक्या. वर्गात सगळ्यात लांब त्याचीच निघाली.

मंगळवारी मुक्ता आणि सुटलेली आणखी दोघं यांना मी एकच प्रश्न दिला. कोणाला एक वजाबाकी पुरते, कोणाला सहा लागतात, हे आधीच ओळखता येईल का? बाकीच्यांचा सराव चालू होता. तिघांना एकट्यानं एवढ्या संख्या करणं शक्यच नव्हतं, भिंतीवर मात्र साठ-एक तयार होत्या. त्या दोन दिवस कार्डशीटसमोर उभ्या राहून नोंदी चाळत होत्या, मधेच “तुझी ७१३ नक्की दोनच पायऱ्यांत थांबली का, परत कर ना” असं विचारत रांगांतून फिरत होत्या. ज्याला विचारलं जाई तो ताठ बसून पुन्हा करून दाखवी. ७१३ ला खरं तर दोनच लागतात, पण ज्यानं केली त्यानं आधी चार लिहून खोडल्या होत्या, म्हणून शंका.

शुक्रवारी शेवटची वीस मिनिटं सांगण्याची. मुक्ता म्हणाली, मोठ्यात मोठा अंक आणि लहानात लहान अंक यांच्यातला फरक बघायचा, मधल्या अंकाशी काही देणंघेणं नाही. फरक ५ असेल तर एकच वजाबाकी. ६ असेल तर दोन. ४ किंवा ७ असेल तर तीन, ३ किंवा ८ ला चार, २ किंवा ९ ला पाच, १ ला सहा. कुठल्याही संख्येचं पहिलं उत्तर नऊ संख्यांपैकीच एक असतं, ०९९ पासून ८९१ पर्यंत. सगळ्या ९९ च्या पाढ्यातल्या.

“पण मधे नऊच का?” हे तिला सांगता आलं नाही. सांगितलं एका मुलीनं, जिची ‘अवघड पाच’ कधीच सुटत नाहीत. “मधला वर पण तोच, खाली पण तोच. पण एककाला कमी पडतं म्हणून त्यानं आपल्यातला एक दिला. मग त्यालाच एक कमी पडला. त्यानं शतकाकडून दहा आणले. दहातून एक गेला, नऊ राहिले.” हातचा मी चार वर्षं शिकवते आहे, इतका नीट मला कधी सांगता आला नव्हता.

हे सगळं सगळीकडे जमलं असं नाही. असा एक प्रश्न बसवायला मला रविवारचा दीड तास लागतो, त्यामुळे पंधरवड्याला एकच होतो. आणि तोही गणितातच. भाषेत मी मुक्ताला मोठा निबंध लिहायला लावला, म्हणजे पुन्हा जास्तीची गणितंच. चित्रकला आणि खेळाच्या तासाला शोधाचं काम काढायचं नाही, हेही एकदा चुकून कळलं. लंगडीतून उठवून आणल्यावर तिचा चेहरा पाहिला होता. आता माझ्या टाचणवहीत मागच्या पानावर मी एवढंच टिपते की खिचडीला ती कोणाशेजारी बसली. डिसेंबरपासून जिना रिकामा आहे.

चार अंकांची ६१७४ सगळ्या वर्गानं केली. तिला जास्तीत जास्त सात वजाबाक्या पुरतात. मग मुक्तानं घरी स्वतःहून दोन अंकी घेतली आणि सकाळी परिपाठाआधीच रडवेली होऊन आली. ५२ घेतले होते. २७, मग ४५, मग ९. ९ वजा ९, शून्य. पान इतकं खोडलं होतं की कागद फाटला होता. उत्तर न येण्याची तिला सवयच नाही. ५५४ वाला मुलगा दप्तर ठेवत होता. तो डोकावला आणि म्हणाला, “अगं, शून्य लिही ना पुढं.”

०९. मग ९० वजा ०९, ८१. मग ६३. मग २७.

“हे तर आधी आलं होतं,” ती म्हणाली.

“मग फिरतंय ते,” तो म्हणाला आणि खडू आणायला पळाला. मी वर्गात पोचले तेव्हा व्हरांड्यात फरशीवर पाच गोल काढलेले होते, २७, ४५, ०९, ८१, ६३, आणि सात-आठ पोरं एका पायावर त्यातून उड्या मारत गोल गोल फिरत होती. मुक्ता तिसऱ्या नंबरवर होती.