बंद खोलीतला उजेड

त्या खोलीला खिडकी नव्हती, दार बंद होतं आणि दिवाही लावलेला नव्हता. तरी भिंतीलगतच्या फरशीवर फिकट पिवळा उजेड सांडलेला दिसत होता. पलीकडच्या खोलीत ऊन होतं. मधली भिंत 10 सेंटिमीटर जाड. आमच्या गेमच्या लेव्हल आर्टिस्टने स्क्रीनवर बोट ठेवलं आणि विचारलं, "अगं, ही भिंत आहे की पडदा?"

भिंतीवर, फरशीवर आदळून परतणारा प्रकाश आम्ही व्हॉक्सेल कोन ट्रेसिंगने काढतो. सिरिल क्रासँ आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडलेली ही पद्धत. त्यांनी विरळ ऑक्ट्री वापरली होती, आम्ही साधं त्रिमितीय टेक्स्चर वापरतो. सगळ्या दृश्याचे छोटे घन ठोकळे पाडायचे, उन्हात असलेल्या ठोकळ्यांत तो प्रकाश भरायचा आणि आठ-आठ ठोकळ्यांची सरासरी काढत मोठे ठोकळे, म्हणजे मिप, बनवायचे. मग प्रत्येक पिक्सेलपासून 60 अंशांचे सहा शंकू सोडायचे. शंकू लांब जाताना रुंदावतो, तसा तो अधिकाधिक मोठा ठोकळा वाचतो:

```glsl
float d = max(voxelSize, 2.0 * tanHalf * dist);
float mip = log2(d / voxelSize);
```

आमचं दृश्य 32 मीटरचं आणि ग्रिड 256 ची, म्हणजे ठोकळा 12.5 सेंटिमीटरचा. भिंतीपासून दोन मीटरवरच्या फरशीचा शंकू भिंतीपर्यंत पोचतो तेव्हा सुमारे 2.3 मीटर रुंद झालेला असतो आणि चौथा मिप वाचतो. तिथला ठोकळा दोन मीटरचा. त्याच्या सोळा थरांपैकी एकच थर भिंतीचा, बाकी पंधरा हवेचे. सरासरीत भिंतीचा अपारदर्शकपणा सोळाव्या हिश्शावर येतो आणि शंकू आरपार जाऊन पलीकडचं ऊन घेऊन येतो.

हे कारण पाठ होतं, म्हणून मी थेट त्याच्यावरचा उपाय केला: सहा दिशांचे वेगळे मिप. प्रत्येक दिशेने ठोकळे एकामागे एक धरून मिसळले की भिंतीला काटकोनात बघताना भिंत पूर्ण अपारदर्शक राहते. दोन दिवस गेले. मेमरी 73 वरून 119 एमबी झाली. तिरक्या शंकूंमध्ये थोडी गळती राहणार हे मला माहीत होतं, कारण तिथे भिंतीला समांतर दिशेची पातळ किंमतही मिसळते. पण काटकोनातल्या शंकूतूनही पिवळा उजेड येतच होता.

तेव्हा कुठे मी पहिल्याच तासात करायला हवी होती ती चाचणी केली. `mip` शून्यावर बांधला आणि शंकूला एका वेळी एकच ठोकळा पुढे सरकायला लावलं. फ्रेमरेट कोसळला, पण तपासणीपुरतं चालतं. मिपमुळे येणारी गळती असती तर ती आता थांबली असती. उजेड जागेवरच होता. म्हणजे प्रकाश भिंत ओलांडून येतच नव्हता. तो भिंतीतच होता.

10 सेंटिमीटरची भिंत 12.5 च्या एकाच ठोकळ्यात मावली होती. तिची उन्हातली बाजू आणि अंधारातली बाजू मिळून ठोकळ्यात एकच रंग. शॅडो मॅपमधून उन्हाच्या बाजूने भरलेला प्रकाश अंधाऱ्या खोलीतला शंकू निमूटपणे वाचत होता. सहा दिशांचे मिप वरच्या पातळ्यांवर असतात. तळाच्या ठोकळ्याला आमच्याकडे दिशाच नव्हती.

बैठकीत एकाने सहज सुचवलं, "रिझोल्यूशन दुप्पट करा." हा सल्ला देणारे घन विसरतात. 256 च्या ग्रिडला चार बाइटच्या हिशोबाने तळाशी 64 एमबी लागतात, 512 ला 512. वर सहा दिशांचे मिप धरले की साडेनऊशेच्या आसपास. तळालाही सहा दिशा दिल्या तर 256 वरच 439. आमच्या वाट्याला होते 150.

शेवटी भिंती जाड केल्या: 25 सेंटिमीटर, म्हणजे दोन ठोकळे. एका ठोकळ्याएवढी जाडी असली की दोन बाजू वेगळ्या ठोकळ्यांत पडतात, पण टेक्स्चर वाचताना शेजारचे ठोकळे मिसळतात, म्हणून आणखी एका ठोकळ्याची जाडी लागते. आर्टिस्टला चौकटी पुन्हा बसवाव्या लागल्या. माझ्या ग्रिडची उणीव तिने तिच्या वेळेतून भरून काढली, हे मला अजून खटकतं.

आणि दार राहिलंच. दाराची फळी चार सेंटिमीटरची, ती काही जाड करता येत नाही. 512 ची ग्रिड मिळाली असती तरी 6.25 च्या एकाच ठोकळ्यात फळी मावली असती. 1024 ला नुसत्या तळालाच चार जीबी लागतात. सध्या दार बंद असताना मी त्या ठोकळ्यांत ऊन भरतच नाही. अंधारी खोली अंधारी राहते, पण उन्हाच्या खोलीत दारावरून परतणारा प्रकाश गेला आणि दारापुढची फरशी मंद दिसते. आर्टिस्टच्या ते अजून लक्षात आलेलं नाही. उद्या मीच तिला दाखवणार आहे.